कशाच्या निम्म्यावर?

माझा भाचा बेळगुंदीचा, बेळगावात कपड्यांच्या दुकानात मॅनेजर आहे. नोकरी बदलायची म्हणून त्याने बायोडाटा दाखवला. "मालाची घट निम्म्यावर आणली, विक्री वाढवली."

मी विचारलं, "कशाच्या निम्म्यावर रे?"

वही काढली. पहिल्या वर्षी विक्री २ कोटी, मोजणीत माल ४ लाखांनी कमी, म्हणजे २ टक्के. पुढच्या वर्षी २ कोटी २० लाखांवर २ लाख २० हजार, म्हणजे १ टक्का. दोन्ही मोजण्या मार्चअखेरच्या, विक्रीच्या किमतीने. तसंच लिहिलं.

विक्री १० टक्के वाढली, पण दारातून येणारेही तेवढेच वाढले होते. शेजारचं दुकान बंद पडलं होतं. तेही लिहिलं.

"बारापैकी सहा जण सोडून गेले. लपवू का, मामा?"

"नको. आधीच्या वर्षी नऊ गेले होते, तेही सांग."