मंडळाची सरासरी बरोबर, तरी तुमच्या शेताचा हिशेब चुकतो

'मंडळात नुकसान नाही, मग तुझंच कसं झालं?' हा प्रश्न विम्याच्या दिवसांत गावोगाव ऐकू येतो. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातला पीक विमा बंद झाला. आता भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. त्यामुळे हा प्रश्न जास्तच टोचतो.

आधी हिशेब बघू. महसूल मंडळात एका पिकाचे साधारण दहा कापणी प्रयोग होतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडतात. सरासरी जेवढी कमी, तेवढ्या टक्क्यांत विमा रकमेचा भाग मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना मिळतो.

समजा, सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल आहे. माळावरच्या सात प्लॉटला १५ क्विंटल उतारा पडला. नदीकाठच्या तीन प्लॉटमध्ये पाणी साचलं, तिथं फक्त ५ क्विंटल निघालं. बेरीज १२०, सरासरी १२. म्हणजे भरपाई शून्य. पण १२ क्विंटल पिकवणारा शेतकरी या दहांत एकही नाही! नदीकाठच्याचं नुकसान मात्र ५८ टक्के आहे.

आता उलटं बघा. तीनऐवजी चार प्लॉट बुडाले, तर सरासरी ११ होते आणि सगळ्यांना विमा रकमेच्या साधारण ८ टक्के मिळतात. ५८ टक्के गमावलेल्यालाही ८ आणि १५ क्विंटल पिकवलेल्यालाही ८.

इथं मोजणी खोटी नाही. मंडळाचं काय झालं, याचं ते बरोबर उत्तर आहे. चूक होते ती तेच उत्तर एकेका शेताला लावताना. संख्याशास्त्रात याला 'इकॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात: गटाच्या आकड्यावरून गटातल्या एकाबद्दल निष्कर्ष काढणं.

मग मंडळाऐवजी गाव धरलं तर? काही वेळा फायदा होतो, एक गाव बुडालं आणि शेजारचं वाचलं असेल तेव्हा. पण माळ आणि नदीकाठ एकाच गावात असतील, तर गावाची सरासरीही तेच लपवते. आणि प्रत्येक शेत मोजायला माणसं आणि पैसा पुरणार नाही, म्हणून तर सरासरी धरतात.

सरासरी कितपत लागू पडते, हे ओळखायचं असेल तर दहाही प्रयोगांचे आकडे वेगवेगळे बघा. सगळे ११ ते १३ मध्ये असतील तर सरासरी बहुतेकांना लागू पडते. ५ आणि १५ असे दोन ढीग दिसले, तर ती कुणाचीच नाही.

एक लक्षात ठेवा. अतिवृष्टीची सरकारी मदत वेगळी असते. तिथं ३३ टक्क्यांवर नुकसान लागतं आणि पंचनामा शेताचा होतो. 'मंडळाची सरासरी चांगली आहे' हे तिथं पंचनामा टाळायचं कारण होऊ शकत नाही.