हीट पंप बसवताय? शेवटचे पैसे देण्याआधी तांब्याभर पाणी ओता

माळेगाव बुद्रुकमध्ये आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जे घरावर हीट पंपचा वॉटर हीटर बसवणार आहेत, त्यांना एक विनंती आहे. कंपनी कोणती घ्यायची, सोलर बरा की हीट पंप, हे तुम्ही ठरवलेलं असेल. त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं फक्त टाकीला जोडल्या जाणाऱ्या नळ्यांबद्दल आहे. यंत्र कंपनीतून तपासून येतं, पण नळ्या आपल्या गच्चीवर जोडल्या जातात आणि तिथे तपासायला कोणी नसतं. म्हणून प्लंबरचा शेवटचा हिशेब होण्याआधी त्याला समोर उभं करून पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

सहा माणसांचं घर आणि २०० लिटरची टाकी धरून चालू. २५ अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला सात युनिट उष्णता लागते. साधा गिझर ती सगळी विजेतून घेतो. हीट पंप अडीच युनिटांच्या आसपास वीज घेतो आणि बाकीची उष्णता बाहेरच्या हवेतून ओढतो. हवेतून उष्णता ओढली की हवा गार होते आणि तिच्यातला ओलावा यंत्राच्या जाळीवर जमून खालच्या ट्रेमध्ये निथळतो. एसीचं पाणी बाहेर टपकताना सगळ्यांनी पाहिलंय, तेच हे पाणी. पावसाळ्यातल्या दमट दिवसात एवढ्या टाकीमागे दोनेक लिटर सहज निघतं.

घोटाळा होतो तो इथेच. आपला भाग पर्जन्यछायेतला. मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की ट्रेमध्ये थेंबही पडत नाही, आणि घरांची कामं उरकतात ती नेमकी याच महिन्यांत. प्लंबर यंत्र चालू करून दाखवतो, गरम पाणी येतं, सगळे खूश. ड्रेनच्या नळीला उलटा उतार आहे, किंवा ती ट्रेच्या तोंडाला नीट बसलेलीच नाही, हे तेव्हा कोणालाच कळत नाही. ते कळतं श्रावणात, यंत्राखालची भिंत ओली दिसायला लागल्यावर. मग टाकीच फुटली असं समजून कंपनीला फोन जातात. टाकी शाबूत असते, नुसती नळी चुकलेली असते.

म्हणून कोरड्या दिवसांत यंत्र बसवलंत तर वीज बंद करून, झाकण काढायला लावून, तांब्याभर पाणी सावकाश ट्रेमध्ये ओतायला सांगा. ओतलेलं पाणी दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर आलं पाहिजे. ट्रेमध्ये साचून राहिलं तर यंत्र किंवा नळी लेव्हलमध्ये नाही. हे पाणी कोणी ढकलत नाही, ते आपल्या वजनाने वाहतं, त्यामुळे मीटरला किमान एक सेंटीमीटर उतार हवाच. नळी वाटेत कुठेही वर चढता कामा नये. पाणी थंड असल्याने साधी पीव्हीसी नळी चालते, मात्र ती बारीक घेऊ नका. ट्रेचं तोंड जेवढं असेल तेवढीच किंवा त्याहून मोठी घ्या.

आपल्याकडे नळी मोठी घेण्याला आणखी एक कारण आहे. गाळप हंगाम सुरू झाला की गच्चीवर काजळी पडते, आणि शेजारच्या फडात पाचट पेटवलं की काळे पापुद्रे उडत येतात. ते यंत्राच्या जाळीवर बसतात. पावसाळ्यात जाळी ओली झाली की सगळा चिखल ट्रेमध्ये उतरतो आणि नळीच्या पहिल्या वळणावर अडकतो. हंगाम संपल्यावर जाळी मऊ ब्रशने झाडा आणि तांब्याची चाचणी पुन्हा करा. बाकी देखभाल फारशी नाही.

नळीचं दुसरं टोक कुठे सोडायचं? बरेच प्लंबर ते थेट ड्रेनेजच्या पाइपात खुपसतात, दिसायला स्वच्छ म्हणून. तसं करू देऊ नका. ड्रेनेजची घाण हवा आणि झुरळं त्या नळीने वर येतात. वळणात पाणी साठवून वास अडवायची युक्ती असते, पण उन्हाळ्यात वरून थेंबही येत नसल्याने ते वळण सुकतं आणि वास मोकळा होतो. टोक न्हाणीघराच्या जाळीवर चार बोटं अंतर ठेवून उघडं सोडा, नाहीतर एखाद्या कुंडीत सोडा. हे पाणी क्षाररहित असतं, झाडांना चालतं. पिऊ मात्र नका, ते धातूच्या जाळीवरून आणि धुळीतून आलेलं असतं.

आता टाकीत जाणारं गार पाणी. इथे चूक झाली तर भिंत ओली होण्यावर भागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गच्चीवरच्या टाकीकडून येताना क्रम असा हवा: आधी बंद-चालू करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग गरम पाणी उलटं जाऊ न देणारा एनआरव्ही, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि त्यानंतर हीटरची टाकी. काही यंत्रांत सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या अंगावरच असतो, तेही ठीक. नियम एकच: सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. कोणीतरी तो कॉक बंद करेल आणि टाकीला दाब सोडायला वाटच राहणार नाही.

दाब येतो कुठून? पाणी तापलं की फुगतं. आपल्या २०० लिटरमध्ये २५ वरून ५५ अंशांपर्यंत जाताना सव्वादोन लिटरच्या आसपास वाढ होते. एनआरव्ही नसेल तर ही वाढ गुपचूप वरच्या टाकीत परत जाते. एनआरव्ही बसवला की ती वाट बंद झाली. मग एकतर प्रसरणासाठी वेगळी छोटी टाकी बसवलेली असते, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. यंत्र तापत असताना थोडं ठिबकणं म्हणजे तो व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. मात्र पाणी तापून झाल्यावरही ठिबक चालूच राहिली तर व्हॉल्व्हच्या बसणीत क्षार अडकलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे, तेव्हा माणूस बोलवा. वाया जाणारं पाणी बघवत नाही म्हणून त्या तोंडाला प्लग ठोकणारे महाभाग मी पाहिलेत. असा प्लग दिसला तर आधी वीज बंद करा, टाकी थंड होऊ द्या आणि मगच तो काढायला लावा.

सेफ्टी व्हॉल्व्हची नळी वेगळी काढा. ती ट्रेच्या नळीत जोडून दोन्हींची एकच नळी करू नका. व्हॉल्व्ह उघडला तर उकळतं पाणी जोरात येतं आणि ते उलटं ट्रेमध्ये शिरू शकतं. ही नळी गरम पाणी सोसणारी हवी, खाली उतरती हवी आणि तिचं तोंड दिसेल अशा जागी, मुलांच्या अंगावर पाणी येणार नाही असं सोडलेलं हवं.

बंद करायचे व्हॉल्व्ह दोन नव्हे, तीन घ्या. एक गार पाण्यावर, एक गरम पाण्यावर, आणि तिसरा टाकीला वळसा घालणाऱ्या बायपासवर. बायपासचा व्हॉल्व्ह एरवी बंद असतो. टाकी दुरुस्तीला काढली की पहिले दोन बंद करायचे आणि तिसरा उघडायचा. पाणी गार येईल, पण गरम पाण्याचे नळ कोरडे पडणार नाहीत. टाकीच्या दोन्ही तोंडांना युनियन लावून घ्या, म्हणजे टाकी सुटी करायला पाइप कापावा लागणार नाही. आपल्याकडे हे लागणारच. कालव्याखालच्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी किती जड असतं हे भांड्यांवरच्या पांढऱ्या थरावरून घरोघरी माहीत आहे. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकी गंजण्यापासून वाचवतो. क्षाराच्या पाण्यात तो लवकर झिजतो, त्यामुळे वर्षातून एकदा काढून बघावा लागतो. व्हॉल्व्ह पितळी, फुल बोअरचे घ्या आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा फिरवून ठेवा. नाहीतर क्षाराने जाम होतात आणि नेमक्या गरजेच्या दिवशी मूठ हातात येते.

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा हवा. पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. त्यावर काळा नायट्राइल फोम चढवा, निदान तेरा मिलीमीटर जाडीचा. समजा गच्चीवरून बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाइप बारा मीटर आहे. त्यात तीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. पहिल्या अंघोळीला ते तीन लिटर गारच येणार, फोम त्याला काही करू शकत नाही. विकणारा काहीही सांगो. फायदा होतो तो दुसऱ्या अंघोळीपासून. उघड्या पाइपातलं पाणी अर्ध्या तासात बरंच निवतं, फोम असेल तर तिपटीने सावकाश निवतं. सकाळी सहा ते आठ घरातली माणसं एकामागून एक अंघोळीला जात असतील तर ते तीन लिटर प्रत्येक वेळी ओतून द्यावे लागत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचे टाकीजवळचे पहिले दोन मीटर. गरम पाणी हलकं असल्याने नळ बंद असतानाही टाकीच्या डोक्यावरून पाइपात वर चढत राहतं आणि रात्रभर निवत राहतं. पाइप टाकीतून निघाल्यावर वीतभर खाली उतरवून मग पुढे न्या, हे चढणं थांबतं. गार पाण्याच्या पाइपाचा टाकीजवळचा पहिला मीटरही झाका, तोही तापतो. एल्बोवर फोमचे कोन कापून टेपने बंद करा, उघडं राहतं ते तिथेच. सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याचा दांडा आणि कॉकच्या मुठी मात्र झाकू नका. शिवाय आपल्या उन्हात उघडा फोम दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो आणि खारी कुरतडतात, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा.

पहिल्यांदा चालू करताना, किंवा दुरुस्तीनंतर पुन्हा भरताना, क्रम लक्षात ठेवा. वीज बंद. बायपास बंद. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि घरातला सगळ्यात वरचा गरम नळ उघडा. मग गार पाण्याचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. नळातून आधी हवा फुरफुरत येईल. धार एकसंध झाली की नळ बंद करा आणि सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद कोरडा राहिला तरच बटण दाबा. टाकी रिकामी असताना वीज लागली तर आतली कॉइल जळते, आणि ते वॉरंटीत बसत नाही.