ओळखा पाहू : संस्कारांच्या जोड्या

बालमित्रांनो, सुट्टीत माझ्या सातवीतल्या भाच्याला मी सोळा संस्कारांपैकी काहींच्या जोड्या लावायला दिल्या. पठ्ठ्याने ‘उपनयन’समोर लिहिले, ‘डोळ्यांत काजळ घालणे’! घरात हशा पिकला. पण चूक त्याची एकट्याची नव्हती. या संस्कारांची नावे संस्कृत आहेत आणि त्यांतले काही शब्द मराठीत वेगळ्याच अर्थाने रुळले आहेत. तिथेच आपण फसतो.

‘नयन’ म्हणजे डोळा हे खरे. पण संस्कृतात ‘नी’ म्हणजे नेणे, म्हणून ‘नयन’ म्हणजे नेणेही. उपनयन म्हणजे मुलाला शिकण्यासाठी गुरूजवळ नेणे. त्या वेळी कमरेला मुंज नावाच्या गवताची मेखला बांधत, त्यावरून आपला ‘मुंज’ हा शब्द आला.

‘प्राशन’ म्हटले की आपल्याला पिणे आठवते. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ खाणे. म्हणून अन्नप्राशन म्हणजे बाळाला पहिला घास भरवणे. हे साधारण सहाव्या महिन्यात करतात.

‘चुडा’ म्हणजे बांगड्या, पण संस्कृत ‘चूडा’ म्हणजे शेंडी. चूडाकर्मात बाळाचे जन्मापासूनचे केस काढून शेंडी राखत. जुन्या ग्रंथांत त्यासाठी पहिले किंवा तिसरे वर्ष सांगितले आहे.

उरलेली नावे सरळ आहेत. निष्क्रमण म्हणजे बाहेर पडणे. समावर्तन म्हणजे परत येणे. शिक्षण संपले की विद्यार्थी विधिपूर्वक स्नान करून घरी परते. असे स्नान केलेला तो ‘स्नातक’. हिंदीत पदवीधराला आजही हाच शब्द आहे.

आता तुमची पाळी! उत्तरे झाकून ठेवा आणि जोड्या लावा.

‘अ’ गट
१. नामकरण
२. निष्क्रमण
३. अन्नप्राशन
४. चूडाकर्म
५. उपनयन
६. समावर्तन

‘ब’ गट
(क) जावळ काढणे
(ख) सोडमुंज
(ग) बारसे
(घ) उष्टावण
(च) मुंज
(छ) बाळाला प्रथमच घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवणे

‘बारसे’ अडले, तर त्यात ‘बारा’ लपला आहे का पाहा. आपल्याकडे नाव बहुधा बाराव्या दिवशी ठेवतात.

जोड्या जुळल्या की आजीला विचारा, यांतले आपल्या घरी कोणते होतात? सगळ्या घरांत सगळे होत नाहीत. दिवस आणि रीतही प्रांताप्रमाणे, कुळाप्रमाणे बदलते. म्हणून मैत्रिणीच्या घरी बारसे दहाव्या दिवशी झाले, तर ते चुकले असे म्हणू नका.

उत्तरे : १-ग, २-छ, ३-घ, ४-क, ५-च, ६-ख.