वेतनाचा पट्टा जाहीर झाला. पण त्यातले आपले स्थान कोणते?

जयपूर : अजमेर मार्गालगतच्या सोडाला भागात नोकरी शोधणाऱ्या तरुणासमोर साधारणतः दोन प्रकारच्या जाहिराती येतात. सरकारी जाहिरातीत पदाचा वेतनस्तर दिलेला असतो. खासगी जाहिरातीत एक तर ‘पगार योग्यतेनुसार’ असे लिहिलेले असते किंवा ‘तीन ते आठ लाख’ असा ऐसपैस पट्टा दिलेला असतो. दोन्ही ठिकाणी उमेदवाराचा प्रश्न एकच असतो : पहिल्या महिन्यात हाती किती येणार आणि तो आकडा कोणत्या आधारावर ठरणार? पट्टा छापल्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे नियुक्तीच्या वेळी द्यावे लागते.

सरकारी वेतनस्तराची रचना पाहिली की हा फरक लक्षात येतो. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सहाव्या स्तराचे मूळ वेतन ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. हा पट्टा संपूर्ण सेवाकाळाचा आहे. नवा कर्मचारी पहिल्या खान्यात बसतो आणि दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांच्या वाढीने एकेक खाना वर चढतो. वरचा आकडा दिसण्यापुरता असला, तरी त्यात फसवणूक नाही; कारण कोण कोणत्या खान्यात बसणार याचा नियम सर्वांना ठाऊक असतो.

राजस्थानात या व्यवस्थेला एक वेगळे वळण आहे. राज्याच्या सेवेत थेट भरती होणाऱ्यास पहिली दोन वर्षे परिवीक्षाधीन प्रशिक्षणार्थी म्हणून काढावी लागतात. ही पद्धत २००६ पासून आहे. या काळात वेतनस्तर लागू होत नाही. दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि तिच्यावर महागाई भत्ता किंवा घरभाडे भत्ता दिला जात नाही. तृतीय श्रेणी शिक्षकाचा स्तर एल-१० आहे. राज्याच्या २०१७ च्या सुधारित वेतन नियमांनुसार या स्तराचा पहिला खाना ३३,८०० रुपयांचा, तर परिवीक्षाकाळातील नियत रक्कम २३,७०० रुपयांची ठरली. म्हणजे जाहीर स्तराच्या सर्वांत खालच्या आकड्याच्याही सुमारे सत्तर टक्केच.

महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे नाही. तेथे शिक्षण सेवकाला तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक स्तरावर हे मानधन सहा हजार होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार रुपये झाले. अशा योजनांवर टीका करण्यास भरपूर वाव आहे. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करावी लागते : रक्कम सर्वांना सारखी असते आणि ती का मिळते हे एका वाक्यात सांगता येते. उणीव मांडणीची आहे. जाहिरातीत स्तर ठळक असतो आणि परिवीक्षाकाळातील रकमेसाठी बहुधा ‘शासन आदेशानुसार’ एवढाच उल्लेख असतो. घरभाड्याचा हिशेब मांडणाऱ्या उमेदवाराला पहिली दोन वर्षे लागणारा आकडा दुसऱ्या कागदात शोधावा लागतो.

खासगी क्षेत्रात परिस्थिती उलट असते. तेथे आकडा दिला तरी त्यामागचा नियम नसतो. नियम कसा करता येतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, सोडाल्यातील एका लहान कंपनीला लेखापाल हवा आहे. कंपनीने पट्टा ठरवला : दरमहा २२,००० ते ३०,००० रुपये. रोजच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ एवढे काम येणाऱ्यास २२,००० रुपये. जीएसटीची विवरणपत्रे स्वतंत्रपणे भरता येत असतील तर २,५०० रुपये अधिक. पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचे काम येत असल्यास १,५०० रुपये. वर्षअखेरीचा ताळेबंद लेखापरीक्षणासाठी तयार करता येत असल्यास २,००० आणि हाताखालच्या माणसांचे काम तपासण्याची जबाबदारी घेतल्यास आणखी २,००० रुपये. बेरीज बरोबर ३०,००० होते.

निवड झालेल्या उमेदवाराला पहिली तीन कामे येतात. शेवटची दोन तिने केलेली नाहीत. तिला २६,००० रुपये देऊ केले जातात. नियुक्तीपत्रासोबत हा हिशेब दिला, तर आकडा कसा आला हे तिला कळते आणि उरलेले चार हजार कशासाठी आहेत हेही कळते. एखादे काम आपल्याला येते, असे तिचे म्हणणे असेल, तर वाद त्या कामापुरताच राहतो आणि पुरावा दाखवून मिटवता येतो.

आता हेच वेतन प्रचलित रीतीने ठरवू. आधीच्या नोकरीत तिला १८,००० रुपये मिळत होते. जुनी पगारपावती मागून त्यावर तीस टक्के वाढ दिली तर २३,४०० रुपये होतात. हा आकडाही पट्ट्यात बसतो. पण पट्ट्याशी त्याचा काही संबंध नाही. आधीच्या मालकाने कमी दिले, म्हणून नव्या मालकानेही कमी दिले, एवढाच त्याचा अर्थ. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. अर्जदाराला सुरुवातीचे वेतन किंवा त्याचा पट्टा आधी सांगणे आवश्यक ठरवताना त्याने जुन्या वेतनाची विचारणा करण्यासही मनाई केली. सदस्य देशांना आपल्या कायद्यात ही तरतूद आणण्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत देण्यात आली.

दुसरी अडचण सीटीसीची आहे. वरचे २६,००० रुपये सीटीसी असतील आणि भविष्य निर्वाह निधी १५,००० रुपयांवर कापला जात असेल, तर मालकाचे १,८०० आणि कर्मचारीचे १,८०० रुपये वजा जाता हाती २२,४०० रुपयेच येतात. म्हणजे रक्कम पट्ट्याच्या तळाला टेकते. म्हणून पट्टा एकूण वेतनाचा की सीटीसीचा, हे जाहिरातीतच लिहिणे आवश्यक ठरते.

तिसरी अडचण कंपनीच्या आत असते. ही तीनही कामे करणारा जुना कर्मचारी २५,००० रुपयांवर असेल, तर जाहिरात प्रसिद्ध होताच तो जाब विचारणार. अनेक मालक पट्टा छापत नाहीत किंवा तो अवाच्या सवा रुंद करतात, यामागचे एक मोठे कारण हेच आहे. न्यू यॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून पट्टा सक्तीचा केला, तेव्हा मालक प्रामाणिकपणे जेवढे देण्यास तयार आहे तेवढाच पट्टा असावा, अशी अट त्यासाठीच घातली. सोडाल्यातील कंपनीपुढे मार्ग सरळ आहे : आधी जुन्या कर्मचाऱ्याचे वेतन हजार रुपयांनी वाढवावे, मग जाहिरात द्यावी.

भारतात पट्टा छापण्याची सक्ती नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता समान कामासाठी स्त्री-पुरुषांत वेतनभेद करण्यास मनाई करते; पण तो भेद ओळखण्यासाठी लागणारा आकडा उमेदवाराच्या हाती देत नाही. वरच्या उदाहरणात २३,४०० रुपयांवर घेतलेली स्त्री आणि २५,००० रुपयांवरचा पुरुष एकच काम करत असतील, तर दोघांनाही त्याचा पत्ता लागणार नाही. कामांची यादी आणि तिच्यासमोरची रक्कम दोघांच्याही पत्रात असेल, तर तो भेद पहिल्याच दिवशी दिसेल.