व्हेरिएबल पेचं पत्र आलं, पण त्यात हिशेब कुठं आहे?

अप्रेझलनंतर व्हेरिएबल पेचं पत्र मेलवर येतं. त्यात बहुतेक वेळा एकच रक्कम असते आणि खाली ‘कंपनीच्या व वैयक्तिक कामगिरीनुसार’ एवढीच ओळ. रेटिंग चांगलं असूनही पैसे कमी का आले, हे त्या ओळीवरून कुणालाच कळत नाही.

एक उदाहरण पाहू. एका कर्मचाऱ्याचं सीटीसी १२ लाख रुपये आहे आणि त्यातला १० टक्के भाग व्हेरिएबल, म्हणजे पूर्ण पेआउट १ लाख २० हजार. कंपनीने वर्षाच्या टार्गेटपैकी ९० टक्के गाठलं. मग पेआउटही ९० टक्के? तसं नसतं. या कंपनीचा नियम असा, की टार्गेट जितके टक्के हुकेल, त्याच्या दुप्पट टक्के पेआउट कापायचा. म्हणजे कंपनीचा गुणक झाला ८० टक्के. कर्मचाऱ्याचं रेटिंग उत्तम, त्याचा गुणक ११० टक्के.

आता खरा प्रश्न येतो. हे दोन गुणक एकमेकांशी गुणायचे, की वजन देऊन बेरीज करायची? गुणले तर ८८ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार ६०० रुपये. कंपनीला ६० आणि व्यक्तीला ४० टक्के वजन देऊन बेरीज केली तर ९२ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार ४०० रुपये. फरक ४ हजार ८०० रुपयांचा, फार मोठा वाटत नाही.

पण वाईट वर्षात तो मोठा होतो. बऱ्याच योजनांमध्ये किमान मर्यादा असते. इथे ती ८० टक्के धरू. कंपनी ७९ टक्क्यांवर अडकली तर तिचा गुणक थेट शून्य. गुणाकाराच्या पद्धतीत हातात काहीच येत नाही, रेटिंग कितीही चांगलं असो. बेरजेच्या पद्धतीत मात्र वैयक्तिक कामगिरीचे ५२ हजार ८०० रुपये शाबूत राहतात. (ऑफर लेटर मिळताना सीटीसीचा आकडा सगळे पाहतात, ही ओळ क्वचितच कुणी विचारतं.)

म्हणून पत्रात हा हिशेब ओळीओळीने यायला हवा: पूर्ण पेआउट किती, टार्गेट किती गाठलं, त्यावरून कंपनीचा गुणक किती, रेटिंगचा गुणक किती आणि ते जोडले कसे. किमान मर्यादा किती, हेही त्यातच हवं.

आर्थिक आकडे गोपनीय असतात, असं एचआरकडून सांगितलं जातं. मात्र इथे महसूल जाहीर करायची गरज नाही, ‘टार्गेटच्या ९० टक्के’ एवढं पुरतं. आणि हे पत्र फक्त पैसे जमा होताना देऊन उपयोग नाही. मर्यादा आणि गुणकाचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायला हवा, कारण तेव्हाच कर्मचारी त्या रकमेवर किती विसंबायचं आणि घराचा ईएमआय किती घ्यायचा, हे ठरवू शकतो.