मुआ, मेल्या आणि अबू तुराब

उर्दू बोलणारी दादी नातवाला “अरे मुए, कहाँ था तू?” म्हणते. शेजारची मराठी आजी आपल्या नातवाला “मेल्या, किती हाका मारायच्या तुला?” म्हणते. दोघींच्या शब्दांचा अर्थ एकच, ‘मेलेला’. आणि दोघींपैकी कुणालाही नातू मरायला नको असतो! उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला ही जोडी नेहमी गमतीची वाटते.

शब्द लाडाचा की रागाचा, हे त्याच्या पुढच्या वाक्यावरून कळते. “मेल्या, जेवलास का?” हा लाड. “मेल्या, पाय ठेवू नकोस घरात,” ही शिवी. शिवाय हा शब्द मोठ्यांकडून लहानांकडे किंवा बरोबरीच्यांत चालतो. सुनेने सासूला ‘मुई’ म्हणून पाहावे, म्हणजे समजेल.

अरबीही याला अपवाद नाही. ‘सकिलत्का उम्मुक’ म्हणजे शब्दशः ‘तुझी आई तुला गमावो’. पण ऐकणाऱ्याला तो शाप वाटत नसे. प्रेषित (स.) यांनी हजरत मुआज (रजि.) यांना जिभेवर ताबा ठेवण्याबद्दल समजावताना हेच शब्द वापरल्याचे हदीसमध्ये आहे. आपल्याकडच्या ‘अरे वेड्या’सारखेच ते. शब्दकोश उघडून भाषांतर करणारा मात्र इथे हमखास फसतो.

सर्वांत बोलके उदाहरण हजरत अली (रजि.) यांचे. सहीह बुखारीत ते आले आहे. एकदा हजरत फातिमा (रजि.) यांच्याशी काही बोलाचाली झाली आणि ते घरातून निघून मशिदीत जाऊन झोपले. प्रेषित (स.) लेकीच्या घरी आले, जावई कुठे आहेत विचारले आणि शोधत मशिदीत गेले. पाहतात तो अंगावरची चादर घसरलेली, पाठीला माती लागलेली. आपल्या हाताने ती माती झाडत ते म्हणाले, “ऊठ, अबू तुराब.” अबू तुराब म्हणजे मातीचा बाप, मातीवाला. रुसलेल्या जावयाची समजूत काढायची ही रीत पाहा: ना विचारपूस, ना उपदेश.

पुढे बनू उमय्यांच्या काळात हेच नाव हिणवण्यासाठी घेतले जाऊ लागले. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडे एकाने येऊन सांगितले की, मदिनेचा अमीर मिंबरजवळ हजरत अलींचे नाव घेऊन बोलतो. काय म्हणतो, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘अबू तुराब’ म्हणतो. यावर सहल हसले. हे नाव तर खुद्द प्रेषितांनी (स.) ठेवलेले, आणि अलींना याहून प्रिय दुसरे नाव नव्हते, असे सांगून त्यांनी मशिदीतली ती सगळी हकीकत ऐकवली.