सगळ्या मुदती पाळल्या, तरी स्थानबद्धता का रद्द होते?

राज्यघटनेच्या पेपरात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिका गोपालन खटल्यापासून सुरू होतात, मनेका गांधी खटल्यावर येतात आणि वेळ संपतो. दिलेल्या तारखांना कोणी हात लावत नाही. खरा निकाल तारखांमध्येच असतो, परीक्षेत आणि न्यायालयातही. म्हणून उमरग्याचा एक काल्पनिक प्रश्न घेऊन मुद्दे मांडतो.

१. प्रश्न असा. उमरगा तालुक्यातल्या 'ग' वर हातभट्टीच्या दारूचे पाच गुन्हे आहेत. ३ जूनला धाराशिवच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली त्याला स्थानबद्ध करण्याचा आदेश काढला. ४ जूनला त्याला ताब्यात घेऊन मध्यवर्ती कारागृहात ठेवले आणि ६ जूनला स्थानबद्धतेची कारणे मराठीत दिली. शासनाकडे आणि सल्लागार मंडळाकडे निवेदन करता येईल, एवढेच त्या पत्रात लिहिले होते. १२ जूनला शासनाने आदेशाला मान्यता दिली. 'ग' ने २० जूनला शासनाच्या नावे निवेदन लिहून कारागृह अधीक्षकांकडे दिले. २१ जूनला प्रकरण सल्लागार मंडळाकडे गेले, पण त्यासोबत निवेदन नव्हते. ते मंत्रालयात पोहोचले १ जुलैला. मंडळाची सुनावणी ९ जुलैला झाली आणि पुरेसे कारण असल्याचा अहवाल १६ जुलैला आला. गृह विभागाने २ ऑगस्टला निवेदन फेटाळले आणि त्याच दिवशी बारा महिन्यांची स्थानबद्धता कायम केली. 'ग' ला हे ६ ऑगस्टला कळले. आदेश टिकेल का?

२. आधी कायद्यातल्या मुदती तपासू. कारणे पाच दिवसांत द्यायची होती, दोनच दिवसांत दिली. शासनाची मान्यता आदेशापासून बारा दिवसांत हवी होती, नऊ दिवसांत मिळाली. मंडळाकडे तीन आठवड्यांत प्रकरण जायला हवे होते, ते गेले. अहवाल सात आठवड्यांत हवा होता, तोही आला. सरकारी वकील इथेच थांबतील, आणि विद्यार्थ्यानेही इथेच थांबून 'आदेश वैध' असे लिहिले तर त्याचे गुण जातील. निवेदनावर निर्णय किती दिवसांत द्यायचा, याची मुदत या कायद्यात नाही. ते बंधन थेट अनुच्छेद २२(५) मधून येते. लवकरात लवकर निवेदन करण्याची संधी द्यायची, असे घटना सांगते. दिलेले निवेदन तितक्याच तातडीने वाचले गेले नाही तर त्या संधीला काही अर्थ उरत नाही.

३. पहिला दोष कारणांच्या पत्रातच आहे. आदेश शासनाने नव्हे, जिल्हादंडाधिकाऱ्यांनी काढला. शासनाची मान्यता मिळेपर्यंत तो मागे घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो, म्हणून त्या काळात त्यांच्याकडेही निवेदन करता येते. हे स्थानबद्ध माणसाला कळवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली संतोष शंकर आचार्य खटल्यात याच एमपीडीए कायद्याबाबत ठरवले. आपल्या प्रश्नात ६ ते १२ जून हे सहाच दिवस 'ग' च्या हातात होते आणि त्याला ते कळलेच नाहीत. पत्रात एक वाक्य कमी पडले, एवढ्यावरही आदेश रद्द होऊ शकतो.

४. आता विलंब. इथे घाई करू नये, कारण शासनाकडे एक भक्कम उत्तर आहे. १९९१ च्या के. एम. अब्दुल्ला कुन्ही खटल्यात घटनापीठाने सांगितले, की प्रकरण मंडळासमोर असताना निवेदन आले तर शासनाने मंडळाच्या अहवालाची वाट पाहणे योग्यच आहे. त्यामुळे २० जून ते २ ऑगस्ट हे सगळे दिवस 'विलंब' म्हणून मोजणारे उत्तर चुकते. पण त्याच निकालानुसार असे निवेदन मंडळाकडेही पाठवायचे असते. आपल्या प्रश्नात ते कधी पाठवलेच नाही, म्हणून 'मंडळाची वाट पाहिली' ही सबब लंगडी पडते.

ती सबब मान्य केली, तरी दोन तुकडे उरतात. पहिला तुकडा २० जून ते १ जुलै, म्हणजे अकरा दिवस कारागृहातून मंत्रालयापर्यंत. कारागृह हेही शासनाचेच अंग आहे. २०२४ च्या जसीला शाजी खटल्यात तुरुंगातून निघालेले निवेदन संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते, आणि न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली. दुसरा तुकडा १६ जुलै ते २ ऑगस्ट, म्हणजे सतरा दिवस. समजा, फाइलवर शेरा एकच आहे, 'मा. मंत्री दौऱ्यावर'. १९९९ च्या राजम्मल खटल्यात मंत्री दौऱ्यावर असल्याने लागलेले अवघे पाच दिवस सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाहीत. विलंब किती मोठा, यापेक्षा त्याचे स्पष्टीकरण आहे का, हे पाहिले जाते. जिल्ह्याकडून अभिप्राय मागवला, भाषांतर करून घेतले, अशी रोजची नोंद असती तर कदाचित हेच सतरा दिवस चालून गेले असते.

५. मंडळाच्या होकाराने हे दोष धुऊन निघत नाहीत. मंडळ अनुच्छेद २२(४) खाली पुरेसे कारण आहे का ते तपासते. निवेदनावर स्वतःचा निर्णय घेणे हे शासनाचे वेगळे कर्तव्य आहे, हे १९७० च्या जयनारायण सुकुल खटल्यापासून पक्के आहे. शिवाय इथे मंडळाने निवेदन न वाचताच अहवाल दिला. मंडळासमोर वकील हक्काने मिळत नाही. ए. के. रॉय खटल्याने मित्राची मदत घेण्याची मुभा दिली, पण उमरग्याहून मित्र त्या सुनावणीला पोहोचणार कसा? अशा माणसाच्या बाजूने बोलणारा एकच कागद असतो, तो म्हणजे निवेदन. नेनावत बुज्जी खटल्यात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सल्लागार मंडळांना शिक्कामोर्तबाच्या सवयीबद्दल सुनावले. ते वाचताना मला या कागदाचीच आठवण येते.

६. तांड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या बाया विचारतील, की दारू गाळणारा तारखांच्या घोळामुळे सुटला, मग आम्ही काय करायचे? त्यांचा राग रास्त आहे. पण तो सुटला म्हणजे निर्दोष ठरला असे नाही. दारूबंदी कायद्याखालचे त्याचे पाचही खटले चालूच राहतात, आणि साक्षीपुरावे उभे करून तिथे शिक्षा मिळवणे हेच पोलिसांचे काम आहे. खटला न चालवता माणसाला वर्षभर डांबायचे असेल, तर त्याचे म्हणणे निदान वेळेत वाचावे लागेल.

७. म्हणून मागण्याही साध्या आहेत आणि त्यांना कायदा बदलण्याची गरज नाही. कारणांच्या पत्रात जिल्हादंडाधिकाऱ्यांचे नाव, पत्ता आणि मान्यतेपर्यंतची मुदत छापलेली असावी. कारागृहाने निवेदन मिळाले त्याच दिवशी ई-मेलने पाठवावे आणि जावक नोंदीची प्रत स्थानबद्धाला द्यावी. गृह विभागाने प्रत्येक निवेदनासोबत तारीखवार तक्ता ठेवावा, म्हणजे फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते छत्रपती संभाजीनगर खंडपीठाला पहिल्याच तारखेला दिसेल. आजचा अनुभव असा, की आदेश रद्द होतो तेव्हा बारापैकी कित्येक महिने तुरुंगात गेलेले असतात. आणि मंडळाने सुनावणीच्या सुरुवातीला समोरच्या माणसाला विचारावे, 'तुम्ही निवेदन दिले आहे का? ते आमच्याकडे आलेले नाही.' ९ जुलैला 'ग' ला एवढे विचारले असते, तर चूक तिथेच सापडली असती.